भडक किती, उजळ किती

अंधेरी पूर्वेत, वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेला लागून बिसलेरी कंपनीचं मुख्यालय आहे. पारलेच्या चौहानांनी १९६९ साली ही कंपनी चार लाख रुपयांना घेतली, तेव्हा बाटलीतलं पाणी विकत घ्यायची कल्पनाच बहुतेकांना हास्यास्पद वाटत होती. पुढे पाणी विकलं जाऊ लागलं, स्पर्धक आले आणि जो तो बाटलीला निळं लेबल लावू लागला. बिसलेरीचंही निळंच होतं. गिऱ्हाईक 'बिसलेरी द्या' म्हणायचं आणि दुकानदार फ्रिजमधली हाताला लागेल ती निळी बाटली काढून द्यायचा. २००६ मध्ये कंपनीने निळा सोडला आणि समुद्राच्या पाण्यासारखा निळसर हिरवा घेतला. पाण्याशी निळ्याचं जुळतं हे खरंच होतं. अडचण एवढीच होती, की ते सगळ्यांचंच जुळत होतं.

आज रंगाचा असाच निर्णय अंधेरीतल्या एखाद्या छोट्या स्टुडिओत इंग्रजीच्या चार ओळींत होतो. वीरा देसाई रोड असो की मरोळ, जाहिरातीचं पहिलं चित्र आता पुष्कळदा मिडजर्नी, फायरफ्लाय किंवा स्टेबल डिफ्यूजनसारख्या साधनाला प्रॉम्प्ट देऊन काढलं जातं. अंतिम जाहिरात तीच असेल असं नाही, पण ग्राहक कंपनीला दाखवायचा कच्चा नमुना तरी तसाच बनतो. आणि कच्च्या नमुन्यात एकदा पाहिलेला रंग पुढे सहसा हटत नाही, हे या धंद्यातल्या कुणालाही ठाऊक आहे.

अशा साधनाला 'बाटलीबंद पाण्याची जाहिरात' एवढंच सांगितलं तर ते निळं चित्र देणार. ते कोट्यवधी चित्रांवर आणि त्यांच्या खालच्या मजकुरावर शिकलेलं असतं. त्या शब्दांच्या जोडीला त्याने जे सर्वाधिक पाहिलं, तेच त्याच्या हातून उतरतं. थोडक्यात, साधन त्या धंद्याची सरासरी काढतं. २००६ चा बिसलेरीचा हिरवा त्या सरासरीतून कधीच बाहेर पडला नसता. तो कुणीतरी फ्रिजमधल्या बाकीच्या बाटल्यांकडे बघून ठरवावा लागतो.

मग प्रॉम्प्ट लिहिणारे रंग-मानसशास्त्राचा तक्ता उघडतात. लाल म्हणजे ऊर्जा, निळा म्हणजे विश्वास, हिरवा म्हणजे निसर्ग, गुलाबी म्हणजे माया. हे तक्ते निरुपयोगी नाहीत, पण त्यांत सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगायची राहून जाते. १९९४ साली पॅट्रिशिया वाल्डेझ आणि अल्बर्ट मेहरेबियन यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना रंगांचे सुटे नमुने दाखवले आणि प्रत्येकाला काय वाटतं याची मोजणी केली. त्यात रंग कोणता, यापेक्षा तो किती उजळ आहे आणि किती भडक आहे याचा भावनेशी संबंध कितीतरी ठळक आणि नियमित निघाला. त्यांची सूत्रं अशी आहेत:

```
Pleasure =  0.69 x Brightness + 0.22 x Saturation
Arousal  = -0.31 x Brightness + 0.60 x Saturation
```

म्हणजे रंग उजळ होत गेला की तो सुखद वाटतो आणि थोडा शांतही करतो. भडक होत गेला की तो चेतवतो. गडद आणि भडक एकत्र आले की चेतना सर्वाधिक. लाल की निळा हा प्रश्न त्यानंतरचा. अर्थात हा प्रयोग अमेरिकन विद्यार्थ्यांवरचा आणि कोऱ्या चौकोनांवरचा आहे. बाटली, बाळ किंवा बँक त्यात नव्हती. तरी प्रॉम्प्ट लिहिणाऱ्याला त्यातून कामाचा क्रम मिळतो: आधी उजळपणा ठरवायचा, मग भडकपणा आणि रंगाचं नाव सर्वांत शेवटी. बाळाच्या वस्तूला उजळ आणि फिकं. बँकेला गडद, पण दबलेलं. एनर्जी ड्रिंकला गडद आणि भडक. इथवर सोपं आहे. गोंधळ होतो तो रंगाच्या नावापाशी, कारण तिथे माणसाचं घर, सण आणि रस्ता मध्ये येतात.

बाळापासून सुरुवात करू. 'बाळाचं उत्पादन' हा शब्द प्रॉम्प्टमध्ये टाकण्याआधी कायदा बघावा लागतो. १९९२ चा शिशुदूध-पर्याय, दूधबाटल्या आणि शिशुआहार यांविषयीचा कायदा, २००३ च्या दुरुस्तीसह, बाळाच्या दुधाच्या पावडरीची, दूधबाटलीची आणि दोन वर्षांपर्यंतच्या शिशुआहाराची जाहिरातच करू देत नाही. त्यांच्या डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्रही चालत नाही. तेव्हा कितीही गोड रंगसंगती जमली तरी अशा डब्याची जाहिरात मुळात बेकायदा. उरतात साबण, लोशन, लंगोट, मालिशचं तेल, कपडे.

यांपैकी मालिशचं तेल घेऊ. जागा अंधेरी मेट्रो स्थानकावरचा फलक, गिऱ्हाईक मराठी घरातली आई आणि आजी. साध्या इंग्रजी प्रॉम्प्टने येणारं चित्र बहुधा ठरलेलं असतं: पांढरी खोली, फिकट निळं पांघरूण, नाही तर फिकट गुलाबी. मुलगा निळा आणि मुलगी गुलाबी ही वाटणी पश्चिमेतल्या दुकानांनी रूढ केली आहे. 'बेबी शॉवर' म्हटलं की याच दोन रंगांचे फुगे उतरतात आणि कधी कधी मुलगा की मुलगी हे उघड करण्याचा केकही. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे आपल्याकडे असा केक जाहिरातीत दाखवणं म्हणजे आफत ओढवून घेणं. डोहाळेजेवणाचा रंग हिरवा असतो, साडी हिरवी आणि चुडाही हिरवा. हा हिरवा मराठी आजीच्या डोळ्यांत आधीपासून बसलेला आहे.

दुसरी गंमत काळ्याची. परदेशी तक्त्यात काळा रंग बाळापासून कोसभर दूर असतो. इथे मात्र बाळाच्या गालावर तीट काळी आणि पहिल्या संक्रांतीच्या बोरन्हाणाला झबलंही काळं, वर हलव्याचे पांढरे दागिने. हा काळा मायेचा आहे. स्टीफन पामर आणि कॅरेन श्लॉस यांनी २०१० साली मांडलेला विचार या ठिकाणी उपयोगी पडतो. त्यांच्या मते, ज्या वस्तू माणसाला आवडतात त्यांचे रंग त्याला आवडू लागतात. म्हणून रंगाची आवड ही ज्याच्या त्याच्या आयुष्यातल्या वस्तूंची बेरीज असते. बोरन्हाण पाहिलेल्याच्या बेरजेत काळं झबलं असतं, न पाहिलेल्याच्या नसतं.

हे सगळं लक्षात घेऊन प्रॉम्प्ट साधारण असा होईल:

```
Marathi grandmother massaging a baby on a cotton quilt,
morning window light, cream wall, pale turmeric-yellow cloth,
leaf-green glass bangles, tiny black kajal dot on baby's cheek,
warm brown skin, correctly exposed, low saturation, high-key
```

यात 'टर्मरिक' ही हळद आहे, 'हाय-की' हा छायाचित्रकारांचा शब्द आहे. त्याने सगळं चित्र उजळ होतं आणि सावल्या पुसट होतात. 'लो सॅच्युरेशन' ने भडकपणा उतरतो. प्रत्येक रंग कुठल्या ना कुठल्या वस्तूला बांधलेला आहे: भिंत मलईची, कापड हळदीचं, बांगड्या पानाच्या रंगाच्या. नुसतं 'पिवळा, हिरवा, मलई' लिहिलं तर साधन ते रंग मनाला येईल तिथे सांडतं, आणि आजीच्या केसांना हिरवट झाक येते. टक्केवारीही त्याला कळत नाही. 'साठ टक्के पिवळा' लिहिण्यापेक्षा मोठी वस्तू पिवळी करणं हा खात्रीचा मार्ग.

'वॉर्म ब्राउन स्किन' मात्र मुद्दाम आणि न विसरता लिहायचं. 'सौम्य', 'शुद्ध', 'उजळ' असे शब्द घातले की साधन भिंतीबरोबर बाळालाही गोरं करतं. अंधेरीत तर हा विषय फारच जवळचा आहे. चकाल्याच्या हिंदुस्तान युनिलिव्हरने २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'चं नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' केलं. त्याच्याही आधी, २०१४ मध्ये जाहिरात मानक परिषदेने सावळ्या कांतीला कमी लेखणाऱ्या जाहिरातींविरुद्ध नियम घातले होते. तेलाच्या जाहिरातीत कुणी सावळेपणाला नावं ठेवत नसेल, पण दहा चित्रांतली दहाही बाळं गोरी निघाली तर अर्थ तोच होतो. तपासायला सोपं आहे: आलेली सगळी चित्रं एका पानावर लावायची आणि फक्त त्वचेचे रंग बघत जायचं.

'गुलाबी नको' असं प्रॉम्प्टच्या वाक्यात लिहू नये, हा आणखी एक अनुभवाचा नियम. चित्रं काढणाऱ्या बऱ्याच साधनांना नकार नीट कळत नाही. त्यांच्या कानावर 'गुलाबी' एवढंच पडतं. नकोशा रंगासाठी वेगळी जागा असते. मिडजर्नीत ओळीच्या शेवटी असं लिहितात:

```
--no pink, baby blue
```

बाटली मात्र प्रॉम्प्टमध्ये नाही, आणि ते जाणूनबुजून. खऱ्या बाटलीचं छायाचित्र नंतर जोडायचं असतं, कारण लेबलवरचं अक्षर आणि ब्रँडचा नेमका रंग साधनावर सोपवून चालत नाही. शिवाय त्यातल्या तेलाचा रंगही बोलतो. जॉन्सनच्या बाळांच्या मालिकेचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्यासारखं आहे. जिचा कारखाना मुलुंडच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर कित्येक मुंबईकरांनी पाहिला, त्या कंपनीने २०१८ साली आपल्या बाळ-उत्पादनांतून रंगद्रव्यं काढून टाकली. वर्षानुवर्षं सोनेरी पिवळा दिसणारा शाम्पू रंगहीन झाला. नव्या पिढीच्या आईला 'रंग घातलेला नाही' हाच भरवशाचा रंग वाटतो, असा त्यामागचा हिशेब. पारदर्शक तेल दाखवायचं तर मागे मलईची भिंत नको, ते तिच्यात हरवतं. मागे हळदीचं कापड हवं.

बँकेचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे, कारण तिथले रंग आधीच वाटले गेले आहेत. 'बँक, विश्वास, निळा' हे समीकरण खोटं नाही. पॉल बॉटम्ली आणि जॉन डॉइल यांनी २००६ मध्ये दाखवलं, की उपयोगाच्या, व्यवहाराच्या वस्तूंना लोक निळा शोभतो म्हणतात आणि मौजेच्या वस्तूंना लाल. पण अंधेरी स्टेशनबाहेर उभं राहून निळी पाटी पाहिली की माणसाला 'विश्वास' आठवत नाही, स्टेट बँक आठवते. शेखर कामत यांनी काढलेलं ते निळं वर्तुळ १९७१ पासून इथे आहे. बँक ऑफ महाराष्ट्राची दीपमाळही निळीच. बँक ऑफ बडोदाने २००५ मध्ये शेंदरी सूर्य घेतला. यूटीआय बँकेची २००७ मध्ये अॅक्सिस झाली आणि तिच्याकडे वाइनचा तांबूस रंग आहे. कोटक लाल, आयसीआयसीआय नारिंगी. एखाद्या उपनगरी सहकारी पतसंस्थेने आज निळी जाहिरात लावली, तर फलकाचं भाडं तिचं आणि आठवण दुसऱ्याची.

लालाबद्दल तर साधनाचं आणि मराठी घराचं उघड भांडण आहे. इंग्रजीत पैसा आणि लाल एकत्र आले की तोटा दिसतो, आणि चित्रात हमखास खाली घसरणारा बाण उगवतो. इथे लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडलेली हिशेबाची वही लाल कापडाची असते, तिच्यावर कुंकवाने स्वस्तिक काढतात. व्यापाऱ्याच्या डोळ्यांना हा लाल नफ्याचा आणि पतप्रतिष्ठेचा वाटतो. म्हणून 'लाल' एवढंच न लिहिता ज्याच्यामुळे त्या लालाला अर्थ येतो ती वस्तूच लिहायची:

```
old wooden desk in a small Mumbai credit society,
account book bound in dark red cloth, dark grey basalt wall,
dull brass lamp, muted colours, deep soft shadows, low-key
```

काळ्या पाषाणाचा राखाडी आणि पितळेचा मंद पिवळा या दोन रंगांवर वरच्यापैकी कोणत्याही बँकेची मालकी नाही, आणि दोन्ही महाराष्ट्रात परके वाटत नाहीत. लाल फक्त वहीपुरता, म्हणजे चित्राच्या लहानशा कोपऱ्यात. तो वाढला की कोटक जवळ येते.

बँकेच्या चित्रात नोटा दाखवायचा मोह टाळलेला बरा. साधन सवयीने त्या हिरव्या रंगवतं, कारण त्याने डॉलर जास्त पाहिले आहेत. आपली पाचशेची नोट दगडी राखाडी आहे, दोनशेची पिवळी, शंभराची फिकट जांभळी. चुकीच्या रंगाची नोट गिऱ्हाइकाच्या चटकन लक्षात येते, आणि बँकेच्या जाहिरातीत ती लक्षात येणं सर्वांत महागात पडतं.

दुसऱ्याच्या रंगाजवळ जाण्यात कायद्याचाही धोका आहे. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या व्याख्येत रंगांची जुळणी हेसुद्धा व्यापारचिन्ह ठरू शकतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००३ मध्ये कोलगेट विरुद्ध अँकर या खटल्यात दंतमंजनाच्या डब्यावरच्या एक तृतीयांश लाल आणि दोन तृतीयांश पांढऱ्या मांडणीवरून अँकरला मनाई केली होती. सरासरी काढणारं साधन नेमकं अशाच प्रसिद्ध जुळण्यांकडे झुकतं. 'एनर्जी ड्रिंकचा कॅन' असं लिहून पाहिलं तर निळा-रुपेरी किंवा काळा-हिरवा कॅन येण्याची शक्यता फार. पहिली जोडी १९८७ पासून रेड बुलची, दुसरी २००२ पासून मॉन्स्टरची. भारतात २०१७ मध्ये आलेल्या स्टिंगने लालभडक बाटली घराघरांत नेली, त्यामुळे इथल्या कॉलेजच्या पोरांच्या मनात तिसरा रंगही पक्का बसला आहे. बिसलेरीनेसुद्धा २०१४ मध्ये 'उर्झा' नावाचं कॅफिनविरहित एनर्जी ड्रिंक काढून या गर्दीत उतरून पाहिलं होतं.

भडक आणि गडद हे सूत्र एनर्जी ड्रिंकला शंभर टक्के लागू पडतं, पण त्याची मर्यादा नियमांनी आखली आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार कॅफिनयुक्त पेयात दर लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन चालतं, म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत जास्तीत जास्त ७५. मुलांसाठी, गरोदर आणि स्तनदा स्त्रियांसाठी हे पेय योग्य नाही, हे लेबलवर लिहावं लागतं. जुलै २०२४ मध्ये मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी विधान परिषदेत शाळांपासून पाचशे मीटरच्या आत अशी पेयं विकायला बंदी घालण्याची घोषणा केली होती. तेव्हा भडक म्हणजे बर्फाच्या गोळ्याचे किंवा कार्टूनचे रंग नव्हेत. गोड गुलाबी, आकाशी, लिंबूपिवळा एकत्र आले की ते पेय दहा वर्षांच्या पोराला हाक मारतं. एकच भडक रंग आणि बाकी सगळा काळोख ठेवला, तर ते मोठ्यांचं वाटतं.

मात्र काळोखच मिळत नाही, हे जुन्या साधनांबरोबर काम केलेल्यांना माहीत आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या स्टेबल डिफ्यूजनला 'काळी पार्श्वभूमी' सांगितली तरी ते मळकट राखाडी द्यायचं. याचं कारण त्याच्या शिकवणीत होतं. शिकवताना चित्रावर टप्प्याटप्प्याने गोंगाट चढवतात आणि तो उतरवून मूळ चित्र ओळखायला लावतात. शेवटच्या टप्प्यालाही मूळ चित्र पुरतं झाकलं जात नव्हतं. ते एकंदर उजळ होतं की गडद, याचा सुगावा शिल्लक राहत होता. साधन त्या सुगाव्यावर विसंबायला शिकलं. नवं चित्र काढताना सुरुवात होते ती कोऱ्या गोंगाटापासून, ज्याची सरासरी नेहमी मध्यम. म्हणून निकालही मध्यम उजेडाचा. जानेवारी २०२३ मध्ये निकोलस गुटेनबर्ग यांनी शिकवतानाच्या गोंगाटात संपूर्ण चित्राचा उजेड वरखाली करणारा थोडा भाग मिसळायचा उपाय सुचवला, आणि मग खरा काळा दिसू लागला. नवी साधनं या बाबतीत बरीच सुधारली आहेत. तरी जुन्यावर काम करणाऱ्याने एनर्जी ड्रिंक फिकं आलं म्हणून प्रॉम्प्टमध्ये विशेषणं वाढवत बसू नये.

रंगाचा सहा अंकी संगणकी संकेत लिहिला की नेमका रंग मिळेल, ही आशाही बहुतेक ठिकाणी फोल ठरते. मजकूर वाचणारा भाग `#39FF14` चे तुकडे पाडतो आणि त्या तुकड्यांना त्याच्या लेखी फारसा अर्थ नसतो. आयडिओग्रामसारख्या काही साधनांत रंगपट्टी वेगळी निवडता येते, तिथे हे काम जास्त भरवशाने होतं. बाकी ठिकाणी वस्तूचं नाव घ्यावं, जवळ जाणारा रंग मिळवावा आणि नेमका रंग फोटोशॉपमध्ये चढवावा. एनर्जी ड्रिंकचा प्रॉम्प्ट मग असा होतो:

```
single plain aluminium can beaded with cold water,
wet Mumbai street at night, pure black background,
one acid-green rim light, high contrast, vivid, low-key
```

'प्लेन' म्हणजे कॅन कोरा. त्यावर खरा कॅन बसवायचा आहे. मात्र काळ्यावर हिरवा ही मॉन्स्टरची जोडी झाली, आणि स्टुडिओत हे चित्र समोर आल्यावर कुणीतरी ते बोलून दाखवतंच. त्या वेळी हिरव्याच्या जागी गरम नारिंगी किंवा जांभळा घालून चारसहा चित्रं काढायची, ती सगळी काळी-पांढरी करून पाहायची. रंग काढून घेतल्यावरही कॅन पहिल्या नजरेत उठून दिसला तर चित्रातला अंधार-उजेड बरोबर आहे, आणि रंग बदलायला मोकळीक आहे. कॅन राखाडीत बुडाला तर कितीही झगमगता रंग टाकला तरी लांबून तो दिसणार नाही. हीच चाचणी बाळाच्या तेलालाही लावावी. तिथे सगळंच उजळ असल्यामुळे मलईच्या भिंतीवरचं पिवळं अक्षर पार गायब होतं.

उरला छपाईचा प्रश्न, आणि तो सर्वांत उशिरा कळतो. पडद्यावर पेटलेला आम्ल-हिरवा चार शाईंच्या छपाईत उतरत नाही, कारण तो त्या शाईंच्या आवाक्याबाहेर आहे. फोटोशॉपमधली छपाईच्या आवाक्याची सूचना चालू केली की चित्रातला नेमका तोच भाग राखाडी दाखवला जातो. फलक एलईडीचा असेल तर चिंता नाही. फ्लेक्सवर छापायचा असेल तर दोन वाटा: चमकत्या शाईचा जादा खर्च करायचा, किंवा हिरवा आहे तेवढाच ठेवून त्याच्या भोवतीचा काळा वाढवायचा. दुसरी वाट स्वस्त आहे, आणि पन्नास फुटांवरून गाडीत बसून पाहणाऱ्याला दोहोंतला फरक बहुतेक वेळा कळतही नाही.